डबल पाळीचे तास पगारचिठ्ठीत नाहीत: एचआरला पत्र कसं द्यायचं

*प्रश्न: मी गावाजवळच्या सूतगिरणीत रिंगफ्रेमला सायडर आहो. ८ आन २० जानेवारी, ३ आन १७ फेब्रुवारी, असं चारदा रिलिव्हर आला नाही म्हणून डबल पाळी केली. दोन महिन्याच्या चिठ्ठ्या मिळून फक्त आठ तासाचा ओटी आला. सुपरवायझर म्हणते पुढच्या महिन्यात पाहू. तो बाजूच्याच गावचा, नात्यातला निघते. मी एचआरसाठी पत्र लिहून ठेवलं, त्यात लिहिलं का हा माणूस आपल्या लोकाईचे तास लावते आन आमचे खाते. द्यावं का पत्र? नोकरीवर तर नाही ना येणार?*

भाऊ, ते पत्र फाडू नका, पण देऊही नका. घरीच राहू द्या. त्यातल्या तारखा आपल्याला लागणार आहेत, बाकीचं नाही.

मी बरीच वर्षं विदर्भातल्या गिरण्यांच्या कार्मिक खात्यात काढली. अशी पत्रं ज्या टेबलावर येतात त्या टेबलामागे बसायचो, आता निवृत्तीनंतर टेबलासमोरच्या लोकांना पत्रं लिहून देतो. त्यामुळे तुमचं पत्र आत गेल्यावर त्याचं काय होईल ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप लक्षात येईल.

तुमच्या मनात दोन गोष्टी एकमेकीत गुंतल्या आहेत. एक, चोवीस तासांची मजुरी आली नाही. दुसरी, सुपरवायझर पक्षपात करतो. पहिली गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोरची आहे: तुम्ही थांबलात, मशीनवर अंगठा लावला, चिठ्ठीत तास नाहीत. दुसरी तुमची शंका आहे. खरीही असेल, पण ती तुम्ही पाहिलेली नाही. दोन्ही एकाच पत्रात घातल्या की एचआरच्या हातात पत्र नाही, भांडण पडतं. मग विषय तास राहत नाही, तो माणूस होतो. त्याला बोलावतात, तो म्हणतो मी कुणाचे तास खाल्ले नाहीत, त्याच्या बाजूने दोन जण उभे राहतात, तुमच्या बाजूने कोणी येतो का याची वाट पाहतात, आणि दोन महिने असेच जातात. तेवढ्यात कुणी मस्टर उघडून पाहत नाही. वरून आरोप सिद्ध झाला नाही, तर खोटा आरोप केला म्हणून उलट तुमच्याकडेच खुलासा मागितला जाऊ शकतो. नोकरीवर येण्याची जी भीती तुम्हाला वाटते, तिचं खरं मूळ या ओळींत आहे. हिशेब मागण्यात नाही.

आता ओटी चिठ्ठीपर्यंत कसा पोचतो ते पाहा. अंगठ्याच्या मशीनवर फक्त तुम्ही कधी आत आलात आणि कधी बाहेर गेलात एवढंच उमटतं. तेवढ्यावर ओटी लागत नाही. बहुतेक गिरण्यांत खात्याने ओटी स्लिप भरायची, त्यावर खातेप्रमुखाची सही घ्यायची, ती टाइम ऑफिसला जायची, तिथे मशीनच्या नोंदीशी जुळवायची आणि मग वेतन लिपिकाकडे. या वाटेवर कागद अडायच्या तीन जागा मी नेहमी पाहिल्या. स्लिप भरलीच गेली नाही, कारण दुसऱ्या पाळीला सुपरवायझर वेगळा होता आणि दोघांनाही वाटलं की दुसरा भरेल. स्लिप भरली, पण सही राहिली म्हणून खात्याच्या ड्रॉवरमध्ये पडली. किंवा ती हजेरी बंद झाल्यावर पोचली. काही ठिकाणी हजेरी महिनाअखेरीला नाही, २० किंवा २५ तारखेलाच बंद करतात. तसं असेल तर तुमचे २० जानेवारीचे तास फेब्रुवारीच्या चिठ्ठीत आले असतील, म्हणजे जे आठ तास मिळाले ते त्याच दिवसाचे असू शकतात. आणि हो, चौथी जागाही आहे. कुणी मुद्दाम स्लिप अडवली. पण बाहेरून या चारही गोष्टी अगदी सारख्या दिसतात: चिठ्ठीत शून्य. कागद कुठे अडला ते शोधणं एचआरचं काम आहे, तुमच्या पत्राने त्यांना ते शोधायला लावायचं, एवढंच. म्हणून मी आरोप टाळा म्हणतो. भिडेखातर म्हणत नाही.

पत्राआधी काही गोष्टी पाहून घ्या, कारण उत्तर त्यांवर बदलतं. तुम्ही गिरणीचे थेट कामगार आहात की ठेकेदाराचे? चिठ्ठीवर वर कुणाचं नाव छापलं आहे ते पाहा. ठेकेदाराचं असेल तर पत्र ठेकेदाराच्या नावे लिहा आणि प्रत गिरणीच्या एचआरला द्या. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर येते, म्हणून ती प्रत महत्त्वाची. दुसरं, त्या चार आठवड्यांत तुमचा एखादा खाडा होता का? जुन्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलेलं काम ओटी धरलं जायचं. सहा दिवस भरले असतील तर डबल पाळीचे आठही तास ४८ च्या वर जातात. खाडा असेल तर आठवडा भरत नाही, मग लिपिक दिवसाच्या मर्यादेवर जाऊन आठाऐवजी सातच तास धरायचा. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेत दिवसाचीच मर्यादा ८ तासांवर आली आहे, पण सवयीने जुना हिशेब करणारे लिपिक अजून आहेत. आणि तिसरं, डबल पाळीच्या बदल्यात तुम्हाला कधी पगारी सुट्टी दिली होती का, ते आठवा. दिली असेल तर ती तारीखही पत्रात यायला हवी. नाहीतर एचआर तीच काढून दाखवेल आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या तारखांवरही शंका घेतली जाईल.

हे पाहून झालं की पत्र. तुमच्या मजकुरावरून मी असं लिहीन. पहिली पाळी सात ते तीन धरली आहे, आणि पगाराच्या व विचारण्याच्या तारखा माझ्या मनाच्या घातल्या आहेत, त्या आपल्या घाला:

दिनांक: १२ मार्च २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(गिरणीचे नाव व पत्ता)

विषय: जानेवारी व फेब्रुवारी २०२६ मधील जादा कामाच्या २४ तासांची नोंद तपासून वेतन मिळण्याबाबत.

महोदय,

मी रिंगफ्रेम खात्यात सायडर म्हणून काम करतो. माझा टोकन क्रमांक ____ आहे.

पुढील चार दिवशी माझी पहिली पाळी (सकाळी ७ ते दुपारी ३) संपल्यावर पुढच्या पाळीचा कामगार हजर नसल्याने, खात्याच्या सांगण्यावरून मी दुसरी पाळीही (दुपारी ३ ते रात्री ११) पूर्ण केली: ८ जानेवारी, २० जानेवारी, ३ फेब्रुवारी आणि १७ फेब्रुवारी २०२६. प्रत्येक दिवशी ८ तास, एकूण ३२ तास.

जानेवारीच्या पगारचिठ्ठीत (पगार जमा ७ फेब्रुवारी) जादा कामाच्या रकान्यात ० तास आहेत. फेब्रुवारीच्या चिठ्ठीत (पगार जमा ७ मार्च) ८ तास आहेत. हे ८ तास वजा करता २४ तासांची नोंद मला दिसत नाही.

याबाबत मी ९ फेब्रुवारी व ९ मार्च रोजी खात्यातील पर्यवेक्षकांना तोंडी विचारले. पुढच्या महिन्यात पाहू, असे त्यांनी सांगितले.

तरी विनंती की, (१) वरील चार दिवसांची हजेरी मशीनची नोंद व ओटी स्लिप तपासाव्यात, (२) मिळालेले ८ तास कोणत्या तारखेचे आहेत ते कळवावे, (३) उरलेल्या तासांचे वेतन नियमाप्रमाणे दुप्पट दराने मार्चच्या पगारात द्यावे व त्याचा हिशेब लेखी द्यावा. एखाद्या तारखेचे तास मंजूर नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.

२७ मार्च २०२६ पर्यंत उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, टोकन क्रमांक, मोबाइल क्रमांक)

सोबत: दोन्ही महिन्यांच्या पगारचिठ्ठ्यांच्या प्रती.

एवढंच. एका पानात बसतं, आणि बसलंच पाहिजे. दुसरं पान एचआरमध्ये फार कमी वेळा वाचलं जातं.

आता यातल्या काही जागा मुद्दाम तशा का आहेत ते सांगतो. सुपरवायझरचं नाव नाही, पण तो जे बोलला ते आहे, तारखेसकट. "तो टाळाटाळ करतो" हा तुमचा निष्कर्ष झाला. "पुढच्या महिन्यात पाहू, असे सांगितले" हे घडलेलं आहे, ते तोही नाकारणार नाही. दोनदा विचारलं आणि दोनदा तेच उत्तर आलं, हे वाचून एचआरवाला स्वतःच समजून घेतो. तुम्ही समजावून सांगायला गेलात तर तो सुपरवायझरच्या बाजूने विचार करू लागतो, हा माझा अनुभव आहे. "आपल्या लोकाईचे तास लावते" या ओळीच्या जागी तर काहीच ठेवलं नाही. इतरांच्या चिठ्ठीत काय आहे ते तुमच्या पत्रात येता कामा नये. खरंच काही जण तसेच अडकले असतील तर ज्याने त्याने आपल्या तारखा घालून वेगळं पत्र द्यावं. "आम्हा सर्व कामगारांची" असं लिहिलं की पहिला प्रश्न येतो, सर्व म्हणजे कोण? आणि मग गावातली नावं विचारत बसतात.

मिळालेले आठ तास पत्रात कबूल केले आहेत. लोक हे वगळतात आणि ३२ तास मागतात, वाटतं की जास्त मागितलं तर निदान चोवीस तरी मिळतील. त्याने उलटं होतं. लिपिक चिठ्ठी काढतो, आठ तास दाखवतो आणि पत्र खोटं ठरवून फाइल बंद करतो.

रुपयांचा आकडाही मी घातला नाही. समजा तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० आहे. २६ ने भागला तर दिवसाचे ६००, तासाचे ७५, दुप्पट १५०, म्हणजे चोवीस तासांचे ३,६०० रुपये. पण तुमच्या गिरणीत ३० ने भागत असतील तर तेच ३,१२० होतात. तुम्ही ३,६०० लिहिलेत तर चर्चा ४८० रुपयांच्या फरकावर सुरू होते आणि तास मागे पडतात. तास पक्के धरा, दराचा हिशेब त्यांच्याकडून लेखी मागा, आला की घरी बसून तपासा.

आणखी एक. माणसं सौम्य दिसावं म्हणून शेवटी लिहितात, "माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही." ते लिहू नका. आरोप न करणं वेगळं आणि प्रमाणपत्र देणं वेगळं. उद्या स्लिपा मुद्दाम अडवल्याचं निघालं, तर तुमची तीच ओळ तुमच्यासमोर धरतील. तसंच "अन्यथा कायदेशीर कारवाई करीन" हेही पहिल्या पत्रात नको. पत्राला जोर येतो तो तारखेने: २७ मार्च. आणि "मंजूर नसल्यास कारण लेखी कळवावे" या ओळीने. तिच्यामुळे गप्प बसायची सोय राहत नाही. नाही म्हणायचं तर लेखी म्हणावं लागतं, आणि लेखी नाही म्हणण्याआधी मस्टर उघडावं लागतं.

पुराव्याचं सांगतो. पगारचिठ्ठी आणि तुम्ही स्वतःच्या वहीत केलेली टिपणं पुरे. सुपरवायझरने "आज थांबशील का" असा व्हॉट्सॲप केला असेल तर तो पुसू नका, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण पहिल्या पत्राला जोडू नका, मागितला तर दाखवा. आणि टाइम ऑफिसमध्ये ओळख आहे म्हणून मस्टरचा फोटो काढायला जाऊ नका, ओटी रजिस्टर तर बाहेर आणूच नका. तो गैरवर्तनाचा ठपका होतो, आणि ज्याने तुम्हाला आत घेतलं त्या लिपिकाचीही नोकरी धोक्यात येते. पत्रात "तपासाव्यात" लिहिलंय ते त्यासाठीच.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक त्यांना, एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख आणि सही. ही पोच म्हणजे तुमचं अर्धं काम. पगाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी टेबलावर कुणाला वेळ नसतो. एचआरचा साहेब नागपूरहून आठवड्यातून एकदाच येत असेल तर त्याच दिवशी द्या. "ठेवून जा, पाहतो" म्हणाले तर वाद न घालता परत या आणि तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा. जुनं रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टातच विलीन केलं आहे. पावती चिठ्ठ्यांसोबत ठेवा. पत्र देण्याआधी सुपरवायझरला एकदा सांगावं की नाही, हे तुमच्या नात्यावर आहे. मी असतो तर सांगितलं असतं, एवढंच की भाऊ, तास दिसत नाहीत म्हणून एचआरला तपासायला पत्र देतो, तुझं नाव नाही. बाजूच्या गावचा माणूस आहे, लग्नात, तेरवीत भेटणारच. त्याला दुसऱ्याकडून कळलं तर नाव नसलेलं पत्रही त्याला आपल्यावरच वाटेल.

नोकरीचं विचारलंत. हमी मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ नये. अशा साध्या पत्रावर काढून टाकल्याचं मी पाहिलेलं नाही. रात्रपाळी लावणं, दुसऱ्या खात्यात पाठवणं, असले प्रकार मात्र होतात. झालं तर त्याच वहीत तारीख टाकून लिहून ठेवा, लगेच दुसरं पत्र काढू नका. एखाद्या पाळीबदलातून काही सिद्ध होत नाही, महिनाभराच्या नोंदी बोलतात.

२७ तारखेपर्यंत काहीच आलं नाही तर तेच पत्र नव्याने लिहायचं नाही. चार ओळींचं स्मरणपत्र द्यायचं: १२ मार्चचं पत्र, आवक क्रमांक अमुक, उत्तर मिळालेलं नाही. त्यानंतर पायरी येते तक्रार निवारण समितीची. २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ती असायला हवी, कामगारांचेही प्रतिनिधी तीत असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तिच्याकडे अर्ज करायला एक वर्ष मुदत आहे आणि तिने ३० दिवसांत काम संपवावं असं म्हटलं आहे. गिरणीत युनियन असेल तर या टप्प्यावर प्रतिनिधीला सोबत घ्या, आधी नाही. तिथेही नाही झालं, तर जिल्ह्याचं कामगार कार्यालय. मजुरीच्या दाव्याला वेतन संहितेत तीन वर्षं दिली आहेत, जुन्या वेतन प्रदान कायद्यात एकच वर्ष होतं. म्हणजे घाई करून भडकून लिहिण्याचं कारण नाही, पण वर्षाच्या आत समितीकडे जाणं सोडू नका. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो, आधी मालकाला लेखी कळवलं होतं का? तेव्हा ती पोच काढायची.

हे सगळं मजुरीच्या, हजेरीच्या, सुट्टीच्या तक्रारीला लागू आहे. कुणाचा हात लागला, अश्लील बोलणं झालं, जातीवरून अपमान झाला, तर हा नमुना वापरू नका. तिथे माणसाचं नाव आणि त्याचे शब्द जसेच्या तसे द्यावे लागतात. त्याचे कायदे आणि समित्या वेगळ्या आहेत. तुमचं प्रकरण त्यातलं नाही.

यापुढे डबल पाळीला थांबायला सांगितलं तर थांबण्याआधी ओटी स्लिप भरली का ते विचारा, आणि भरलेल्या स्लिपचा क्रमांक त्याच रात्री वहीत टिपा.

आणि पैसे आलेच, तर व्हाउचरवर सही करण्याआधी वाचा. कधी कधी खाली छापलेलं असतं, "माझे सर्व येणे मिळाले." तुमचे चोवीसपैकी सोळाच तास दिले असतील तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, "८ जानेवारी व ३ फेब्रुवारी २०२६ च्या १६ तासांचे मिळाले", तारीख टाका, आणि मग सही करा. लिपिक म्हणेल असं लिहीत नाहीत. त्याला शांतपणे म्हणा की मिळाले तेवढेच लिहिले.